नेट बंद, काम चालू: साहेबांना लिहायचा एक मेल

घरून काम करणाऱ्यांच्या मेलमध्ये एक मजकूर वरचेवर दिसतो. ‘घरचे इंटरनेट चार दिवसांपासून बंद आहे, कंपनीला खूप वेळा फोन केले, कोणी दाद देत नाही, कृपया समजून घ्यावे.’ लिहिणारा खरेच त्रासलेला असतो. पण मेल वाचणाऱ्या मॅनेजरपुढे दुसरा दिवस उभा असतो. अकराच्या मीटिंगला हा माणूस असेल का, दुपारच्या फायली कोणाकडे द्यायच्या, ग्राहकाचा फोन आला तर तो कोण घेईल, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मेलमध्ये नसते. मग उलट चार प्रश्न येतात, उत्तरे तुटक जातात आणि ज्यासाठी मेल लिहिला ती सवलत बाजूलाच राहते.

मी एक टीम सांभाळतो, त्यामुळे असे मेल वाचायची वेळ माझ्यावर नेहमी येते. माझे मत स्पष्ट आहे. लाइन बिघडल्याचा मेल म्हणजे तक्रार नव्हे, ते काही दिवसांचे वेळापत्रक आहे. आणि चांगले वेळापत्रक मांडायचे तर आधी बिघाड नेमका कुठे आहे आणि हाताशी काय उरले आहे, हे आपल्याला कळलेले असावे लागते.

एक उदाहरण धरू. एक बाई तळेगावला राहतात आणि पुण्यातल्या ऑफिससाठी आरोग्य विम्याचे दावे तपासतात. मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसात जायचे, बाकीचे तीन दिवस घरून काम. टीमला डेस्क या दोनच दिवशी मिळतात. गुरुवारी, 4 जूनला, संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नेट बंद होते.

डबीवरचे दिवे

फायबरची लाइन घरात जिथे येते तिथे एक छोटी डबी असते. तिला ओएनटी म्हणतात. काही घरांत ही डबी आणि वायफायचा राउटर एकातच असतात. तिच्यावर LOS आणि PON अशी नावे असलेले दोन दिवे असतात, आणि बिघाडाबद्दलची बरीचशी माहिती या दोन दिव्यांतच मिळते.

PON हिरवा आणि स्थिर असेल, तर तारेतून प्रकाश येतो आहे आणि कंपनीच्या केंद्राशी डबीचे बोलणेही होते आहे. तरीही नेट नसेल तर बिघाड पुढे कुठेतरी आहे किंवा खात्यात, बिलात अडचण आहे. अशा गोष्टी बहुधा काही तासांत सुटतात. PON नुसता लुकलुकत राहिला, तर डबी जोडणी करू पाहते आहे पण ती होत नाही. LOS लाल झाला, तर प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटली आहे, सुटली आहे किंवा फार वाकली आहे. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काही उपयोग नसतो.

बाईंच्या घरी LOS लाल होता. शुक्रवारी तंत्रज्ञ आला आणि त्याने पॉवर मीटर लावला. हा मीटर प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दाखवतो. आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. घरात उणे 18 ते उणे 22 आले की लाइन ठणठणीत समजावी. उणे 27 च्या खाली गेले की ती रडतखडत चालते, पाऊस आला की तुटते. बाईंच्या घरी मीटर काहीच दाखवेना. इमारतीच्या खालच्या पेटीतही प्रकाश नव्हता. म्हणजे दोष घरातल्या तारेत नव्हता, इमारतीपर्यंत येणारी केबलच गेली होती.

तंत्रज्ञ निघण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारावेत. ‘प्रकाश कुठपर्यंत येतो आहे?’ आणि ‘आमच्याच घरचा बिघाड आहे की सगळ्या इमारतीचा?’ एका घरचा बिघाड असेल तर तो बहुधा दिवसभरात निघतो. सगळ्या इमारतीचा असेल तर पुढच्या आठवड्याची तयारी ठेवावी.

दुरुस्तीला इतके दिवस का लागतात?

शनिवारी कळले की जवळच्या रस्त्यावर गटाराची लाइन टाकताना जेसीबीने 24 धाग्यांची केबल तोडली होती आणि ती ज्या नळीतून जाते ती नळीही चेचली होती.

फायबरचा धागा केसाएवढा बारीक असतो. तुटलेली टोके सोलून, पुसून, सरळ कापून मशिनमध्ये समोरासमोर धरावी लागतात, मग विजेच्या ठिणगीने ती एकमेकांत वितळवून जोडली जातात आणि जोडावर संरक्षक नळी बसवली जाते. एका जोडाला काही मिनिटे पुरतात. पण जमिनीतली केबल ताणून जवळ आणता येत नाही, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. तुकडा घातला की प्रत्येक धाग्याचे दोन जोड होतात. 24 धाग्यांचे 48 जोड झाले, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी माणसाचा जवळपास दिवस गेला. वर पाऊस असेल तर ते काम आडोशाखाली, कोरड्यातच करावे लागते.

त्यातही जोडकाम शेवटी येते. चेचलेली नळी बदलायची तर रस्ता पुन्हा खणावा लागतो आणि त्यासाठी नगरपरिषदेची किंवा महापालिकेची परवानगी लागते. पावसाळ्यात नव्या खोदकामाला सहसा परवानगी मिळत नाही, मग कंपनी खांबांवरून तात्पुरती तार ओढायच्या मागे लागते. म्हणून ‘उद्या होईल’ या फोनवरच्या आश्वासनावर मॅनेजरला तारीख देऊ नये. ‘केबल जोडायची आहे की नवी ओढायची आहे, आणि परवानगी मिळाली का?’ असे विचारावे. बाईंना सोमवारी, 8 तारखेला, उत्तर मिळाले. नवी केबल खांबांवरून ओढणार, आणखी पाच-सहा कामाचे दिवस लागतील. हे उत्तर मिळाल्यावरच मेल लिहिण्यासारखा झाला.

हाताशी काय आहे ते मोजा

लाइन गेली की सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतात. बाईही शुक्रवारी आणि सोमवारी त्यावरच होत्या. सकाळी काम झाले, दुपारी व्हीपीएन सारखे तुटत राहिले. याला कारण आहे. मोबाइल टॉवरची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते. केबल तुटल्यावर आजूबाजूच्या सोसायट्यांतली घरून काम करणारी माणसेही त्याच टॉवरवर येतात आणि संध्याकाळी त्यांत सिनेमे, क्रिकेट आणि गेम यांची भर पडते. म्हणजे घरचे नेट गेल्यावर मोबाइलचे नेटही नेहमीसारखे राहत नाही. मात्र पहाटे आणि रात्री उशिरा तोच टॉवर मोकळा असतो.

कामाच्या वेळा बदलून मागायला हेच खरे कारण आहे, आणि ते मोजून सांगता येते. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन दिवस, वेगाची चाचणी घ्यावी. त्यात खाली येणाऱ्या वेगापेक्षा वर जाणारा वेग आधी पाहावा, कारण व्हिडिओ कॉल तिथेच अडतो. चांगल्या चित्रासाठी वर जाणारा वेग साधारण एक ते दीड एमबीपीएस लागतो. नुसत्या आवाजाला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. वेगाबरोबर जोडणी किती टिकते तेही पाहावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ लिहावी:

```
ping -n 100 8.8.8.8
```

यातून शंभर छोटे संदेश जातात आणि शेवटी किती हरवले ते दिसते. एखाददुसरा हरवला तर चालते. आठ-दहा हरवत असतील तर वेग कितीही दिसला तरी व्हीपीएन तुटत राहणार आणि बोलणे तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येणार.

बाईंच्या मोजणीत सकाळी साडेसहा ते साडेदहा जोडणी चांगली होती. अकरा ते पाच वर जाणारा वेग अर्ध्या एमबीपीएसच्याही खाली होता आणि शंभरांतले नऊ-दहा संदेश हरवत होते. सहा ते साडेआठ तर त्याहून वाईट. रात्री नऊनंतर पुन्हा मोकळे.

डेटाचाही हिशेब हवा. एका दाव्याची स्कॅन केलेली कागदपत्रे सरासरी 20 एमबी धरली आणि दिवसाला साठ दावे धरले, तर 1.2 जीबी होतात. त्यावर व्हिडिओची अर्ध्या तासाची मीटिंग धरली की आणखी सुमारे अर्धा जीबी. रोज 2 जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये ही जेमतेम बसणारी गोष्ट आहे. आणि पॅक संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, त्यावर कागदपत्राचे एक पानही धड उघडत नाही. म्हणून मीटिंग फोनवरून आवाजापुरती करायची आणि वरचा डेटा विकत घेऊन ठेवायचा, असे बाईंनी ठरवले.

कामाची विभागणी

यानंतर त्यांनी आपले काम नेटच्या गरजेप्रमाणे वेगळे केले. कागदपत्रे तपासून सिस्टीममध्ये निर्णय नोंदवणे हे व्हीपीएनशिवाय होत नाही. रुग्णालयांना आणि ग्राहकांना फोन करणे नेटशिवाय होते, पण ते ऑफिसच्या वेळेतच व्हायला हवे. टिपणे आणि पत्रांचे मसुदे कधीही, नेट नसतानाही होतात. मग वेळा आपोआप ठरल्या. सिस्टीमचे काम सकाळी लवकर आणि रात्री, फोनचे काम दुपारी. मेल असा झाला:

> विषय: 10, 12 आणि 15 जून रोजी कामाच्या वेळा बदलण्याची विनंती (घरची फायबर लाइन बंद)
>
> नमस्कार मॅडम,
>
> घरची ब्रॉडबँड लाइन गुरुवार, 4 जूनपासून बंद आहे. ती मंगळवार, 16 जूनपर्यंत सुरू होईल असे कंपनीने सांगितले आहे. तोवर घरून कामाच्या तीन दिवशी, म्हणजे बुधवार 10, शुक्रवार 12 आणि सोमवार 15 जूनला, मला पुढील वेळांत काम करण्याची परवानगी मिळावी ही विनंती. मंगळवारी आणि गुरुवारी मी नेहमीप्रमाणे ऑफिसात येईन.
>
> सकाळी 6.30 ते 10.30: दावे तपासणे (व्हीपीएनवर)
> सकाळी 11 ते दुपारी 1.30: टीमची मीटिंग फोनवरून, नंतर रुग्णालयांचे आणि ग्राहकांचे फोन
> रात्री 9 ते 11: राहिलेले दावे आणि दिवसाचा अहवाल
>
> एकूण वेळ साडेआठ तास, नेहमीइतकाच होईल. अहवाल मात्र संध्याकाळी 6 ऐवजी रात्री 11 वाजता येईल. दुपारी 1.30 ते रात्री 9 या वेळेत मी सिस्टीमवर नसेन. तातडीचे काही असल्यास संध्याकाळी 6 पर्यंत मोबाइलवर फोन करावा, मी घेईन.
>
> बिघाड असा आहे: रस्त्याच्या खोदकामात आमच्या भागाची मुख्य केबल तुटली आहे आणि नवी केबल ओढावी लागणार आहे. तक्रार क्रमांक खाली दिला आहे. सध्या मोबाइल हॉटस्पॉटवर काम करते आहे. दुपारी त्यावर व्हीपीएन टिकत नाही, सकाळी आणि रात्री नऊनंतर टिकते, म्हणून या वेळा सुचवल्या आहेत.
>
> या वेळांत त्याच दिवशी निकाली काढायचे दावे दुपारनंतर आले तर ते मला करता येणार नाहीत. तेवढे या तीन दिवशी दुसऱ्या कोणाकडे देता येतील का? त्या बदल्यात त्यांचे साधे दावे मी सकाळी करेन.
>
> 15 तारखेला संध्याकाळी लाइनची स्थिती कळवेन. या वेळा सोयीच्या नसतील तर कोणता भाग बदलावा ते सांगावे. उद्या ऑफिसात आहे, तेव्हाही बोलता येईल.
>
> आपली,

खाली नाव, मोबाइल क्रमांक आणि तक्रार क्रमांक.

या मेलमध्ये काय साधले आहे?

मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे आणि ती तारखांसह आहे. ‘काही दिवस सवलत मिळावी’ असे लिहिले की मॅनेजरला मंजुरी देता येत नाही, कारण किती दिवसांना मंजुरी द्यायची तेच कळत नाही. इथे मागितलेले दिवस तीनच आहेत. बारा दिवसांचा बिघाड वाचताना मोठा वाटतो, पण ऑफिसचे दिवस आणि शनिवार-रविवार वगळले की मागणी केवढी उरते ते बाईंनी स्वतःच मोजून दिले आहे.

बिघाडाची हकिकत चौथ्या परिच्छेदात आणि चार वाक्यांत संपते. तंत्रज्ञ कधी आला, फोनवर कोण काय बोलले, हे त्यात नाही. ते आपल्या तक्रारीच्या नोंदीत ठेवावे. मॅनेजरला लागतो तो तक्रार क्रमांक, कारण उद्या वरून किंवा एचआरकडून विचारणा झाली तर तिला दाखवायला काहीतरी हवे. भारतात दूरसंचार कंपनीने तक्रारीला क्रमांक देणे ट्रायच्या नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा तो मागून घ्यावा.

सगळ्यांत मोलाचा परिच्छेद आहे तो ‘मला करता येणार नाहीत’ असे सांगणारा. बहुतेक लोक तो लिहायला घाबरतात. ‘कामावर काहीही परिणाम होणार नाही’ असे लिहून टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला तातडीचा दावा येतो, बाई सिस्टीमवर नसतात आणि विश्वास तिथेच जातो. काय होणार नाही ते आधी सांगितले तर मॅनेजर त्याची सोय लावू शकते. नंतर कळले तर तिला फक्त निस्तरावे लागते.

आणखी दोन गोष्टी जपाव्यात. जवळच्या कॅफेत किंवा शेजाऱ्यांच्या वायफायवर बसून काम करेन, असे परस्पर कबूल करू नये. ग्राहकांची वैद्यकीय किंवा बँकेची कागदपत्रे हाताळणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत उघड्या जागी आणि परक्या नेटवर काम करायला मनाई असते, आधी विचारावे. तसेच फायली ऑफिसातून लॅपटॉपवर उतरवून आणण्याची युक्ती सोपी वाटते, पण तीही नियमात बसते का ते पाहूनच सुचवावी.

दुसरी गोष्ट स्वतःच्या मर्यादेची. साडेसहाला सुरू होऊन रात्री अकराला संपणारा दिवस मोजून साडेआठ तासांचा असला, तरी माणूस त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेला असतो. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर मधला वेळही विश्रांतीचा राहत नाही. असे तीन-चार दिवस निभतात, तीन आठवडे निभत नाहीत. म्हणून मेलमध्ये शेवटची तारीख असणे मॅनेजरइतकेच आपल्याही हिताचे आहे.

तारीख पुढे गेली तर

केबलच्या कामात तारीख हटकून पुढे जाते. पाऊस लागतो, खांबाची परवानगी अडते, लाइन सुरू होते आणि प्रकाश उणे 28 वर असल्याने पुन्हा पडते. म्हणून 15 तारखेला कळवतो म्हटले की 15 ला कळवावेच, बातमी नसली तरी. ‘अजून काम सुरू आहे, नवी तारीख 19, बुधवार 17 आणि शुक्रवार 19 ला याच वेळा चालतील का?’ एवढ्या दोन ओळी पुरतात. जुन्याच मेलला उत्तर म्हणून त्या पाठवाव्यात, म्हणजे सगळा संदर्भ एका जागी राहतो.

मुदतवाढ दुसऱ्यांदा मागायची वेळ आली, तर मात्र वेळा बदलून भागणार नाही हे ओळखावे. मग वेगळा पर्याय मांडावा. दुसऱ्या मोबाइल कंपनीचे डेटा कार्ड, ज्याचा टॉवर वेगळा आहे. ऑफिसात डेस्कचा एखादा जादा दिवस. किंवा काही दिवसांची रजा. कार्डाचा खर्च ऑफिस देणार का, हे सरळ विचारण्यात गैर काही नाही.

ब्रॉडबँड कंपनीशी भांडण हा वेगळा कागद आहे, तो ऑफिसच्या मेलमध्ये आणू नये. तक्रार क्रमांक घेऊनही काम होत नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिथे थेट पत्र लिहिण्यात दिवस घालवू नयेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बंद पडलेल्या दिवसांचे पैसे बिलातून वळते करा, ही मागणीही लेखी करावी.

आणि लाइन सुरू झाली की त्याच दिवशी एक ओळ पाठवावी: ‘लाइन आज सुरू झाली, उद्यापासून नेहमीच्या वेळा.’ ती पाठवण्यापूर्वी दिवसभर लाइन टिकते का पाहावे आणि तंत्रज्ञाला प्रकाशाचा आकडा विचारून लिहून ठेवावा. पुढच्या वेळी लाइन अडखळू लागली की त्याच आकड्याशी तुलना करता येते. ही शेवटची ओळ लिहायला बहुतेक जण विसरतात. ती न विसरणाऱ्याला पुढच्या वेळी परवानगी मागताना फार समजावून सांगावे लागत नाही.